दुकानाला आग, सर्व्हेयरने जीपी रेट १९.५ टक्के धरला. हरकत घ्यावी का?

अनुजा_प

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावते, पण आकडे दिल्याशिवाय सल्ला मिळणार नाही.

बाबांचं दादरला हिंदमाताजवळ साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. खाली काउंटर, वर पोटमाळा. १० ऑक्टोबरच्या पहाटे पोटमाळ्यावर शॉर्ट सर्किट झालं. दिवाळीचा माल भरलेला होता. जीवितहानी नाही, देवाची कृपा. खालच्या शोकेसमधला माल बऱ्यापैकी वाचला, वरचा जवळजवळ सगळा गेला. पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला वगैरे सगळं हातात आहे. टॅलीचा बॅकअप घरच्या लॅपटॉपवर होता म्हणून हिशोबही शाबूत आहे.

वरचा माल मोजता येण्यासारखा राहिला नाही, म्हणून सर्व्हेयरने वह्यांवरून स्टॉक काढला. त्यांचा हिशोब असा (सगळे आकडे लाखांत, जीएसटी वगळून):

१ एप्रिलचा स्टॉक ४२
१० ऑक्टोबरपर्यंत खरेदी, भाड्यासह ६८
विक्री ८०
जीपी १९.५ टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ६४.४०
आगीच्या दिवशीचा स्टॉक ४५.६०
वाचलेला माल ६
नुकसान ३९.६०

विमा ४० लाखांचा आहे. स्टॉक त्याहून जास्त निघाला म्हणून त्यांनी प्रमाण लावून क्लेम ३४.७४ वर आणला.

आमचं म्हणणं, आमचा जीपी कधीच १९.५ नसतो. २०२२-२३ ला २५ होता, २०२३-२४ ला २६. फक्त २०२४-२५ ला १९.५ आला आणि सर्व्हेयर म्हणतात, "सगळ्यात जवळचं वर्ष तेच, ऑडिटही झालंय." बाबा आधीच खचलेत. हरकतीचं पत्र लिहायचं आहे. कसं लिहावं?

टवाळ_टोळी

हिंदमाताला आग? तिथे तर दर जुलैत पाणी असतं! नशीब बघा, हवं तेव्हा नाही.

(वाईट वाटून घेऊ नका अनुजाताई. बाबांना सांगा, माणसं सुखरूप आहेत ना.)

निनाद७९

सरळ केस आहे. कुठलंही एक वर्ष धरणं चूक, तीन वर्षांची सरासरी घ्यायची असते. (२५+२६+१९.५) भागिले ३ = २३.५. मग स्टॉक येतो ४८.८०. म्हणजे सर्व्हेयरने तुमचे ३ लाख २० हजार खाल्ले. पत्रात एवढंच लिहा, प्रत कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला टाका. हे लोक पहिला आकडा नेहमी कमीच देतात.

मनोहरपंत

एक विचारतो. विम्यात नफा मिळतच नाही, मग नफ्याच्या दरावर वाद कशाला? १९ धरा नाहीतर २६ धरा, कंपनी खरेदीच्या किमतीनेच पैसे देणार. माझ्या माहितीप्रमाणे नफ्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

अनुजा_प

@मनोहरपंत, काका, नफा मागत नाहीये हो. दर बदलला की जळलेला स्टॉकच बदलतो.

भिवंडीकर

पंत, असं बघा. दुकानात एकूण आलं ११० लाखांचं, जुना माल धरून. त्यातलं ८० लाखांना विकलं गेलं. पण त्या ८० मध्ये मूळ माल किती नि नफा किती? नफा जास्त धरला तर विकलेला माल कमी ठरतो, म्हणजे दुकानात उरलेला जास्त. नफा कमी धरला की उरलेला कमी. म्हणून दुकानदाराला दर वर हवा असतो आणि कंपनीला खाली.

यातली गंमत अशी की हाच दुकानदार मार्च महिन्यात आयकरासाठी दर खाली हवा म्हणून सीएच्या मागे लागलेला असतो.

कोळीवाड्याची_राणी

भिवंडीकर 😂 मार्चमध्ये "धंद्यात काही उरत नाही हो", आग लागल्यावर "साहेब, २६ टक्के सुटतात".

अनुजा_प

आमच्याकडे तसं काही नाही, उगाच संशय नको 🙂 २०२४-२५ ला दर का पडला ते सांगते. करोनाच्या आधी घेतलेला नेट आणि स्टोनवर्कच्या साड्यांचा लॉट पडून होता, खरेदी किंमत १४ लाख. कोणी हात लावत नव्हतं. सीए म्हणाले, किती वर्षं पूर्ण किमतीला दाखवणार? म्हणून ३१ मार्चला तो ५.६० ला धरला. बाकी धंदा नेहमीसारखाच होता.

खातेवही

हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. सगळी केस या एका लॉटवर आहे.

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात फोर्टला बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे. सावकाश लिहितो.

त्या वर्षी विक्री १४० असावी आणि जीपी २७.३०. बरोबर? लॉटची किंमत ८.४० ने खाली आणली, तो सगळा फटका त्या वर्षीच्या ट्रेडिंग खात्यावर बसला. विक्रीतला नफा काही घटला नाही, ३१ मार्चला एक नोंद पडली एवढंच. ती बाजूला काढा. २७.३० अधिक ८.४० म्हणजे ३५.७० आणि १४० वर त्याचा दर येतो २५.५ टक्के. तीन वर्षं आता २५, २६, २५.५ अशी एका रांगेत दिसतात. सर्व्हेयरला हेच दाखवायचं. निनाद यांची २३.५ ची सरासरी काढताना न झालेली घसरण तिसऱ्या वर्षात तशीच राहते, फक्त तिघांत वाटली जाते.

पण इथे एक खाच आहे. पुष्कळ जण दर सुधारतात आणि तो सगळ्या ८० लाखांच्या विक्रीला लावतात. तसं केलं की स्टॉक ५०.४० येतो आणि तोही चुकीचा. कारण त्या पडीक लॉटमधलं यंदा काही विकलं असेल तर ते २५.५ टक्क्यांनी विकलेलं नाही. यंदा त्यातलं किती गेलं?

अनुजा_प

विक्री १४०, जीपी २७.३०, बरोबर. कसं ओळखलंत!

आषाढ सेलमध्ये निम्मा लॉट काढला, ३ लाख आले. त्याची वेगळी बिलबुकं आहेत, कारण सेलचा माल परत घेत नाही असा शिक्का मारायचा होता. उरलेला निम्मा पोटमाळ्यावर होता, तो जळाला.

निनाद७९

मी जे शिकलो त्यात सरासरीच होती. परीक्षेत तरी मार्क मिळाले.

खातेवही

परीक्षेत तीनही वर्षं सारखी असतील तर मिळणारच.

अनुजाताई, मग लॉट वेगळा काढू. दोन ढीग करा.

नेहमीचा माल: सुरुवातीचा स्टॉक ४२ मधून लॉटचे ५.६० वजा, म्हणजे ३६.४०. त्यात खरेदी ६८, झाले १०४.४०. विक्री ८० मधून सेलचे ३ वजा, राहिले ७७. त्यातला नफा २५.५ टक्के काढला की विकलेल्या मालाची किंमत ५७.३६ च्या आसपास. उरला ४७.०४.

पडीक लॉट: ५.६० मधला निम्मा उरला, २.८०. इथे कुठलाही दर लावायचा नाही. १४ लाखांचा अर्धा म्हणून ७ लाखही मागायचे नाहीत. ज्या निम्म्याचे सेलमध्ये ३ लाख आले, त्याच्या जोडीदाराची किंमत २.८० ही न्याय्यच आहे.

दोन्ही मिळून ४९.८४. सर्व्हेयरच्या ४५.६० पेक्षा सव्वाचार लाख जास्त.

पुरावा म्हणून ३१ मार्चची स्टॉक शीट लागेल, त्यात हा लॉट वेगळ्या ओळीत आणि कमी केलेल्या दराने दिसला पाहिजे. लॉटची मूळ खरेदीची बिलं आणि आषाढ सेलची बिलबुकंही जोडा. शीटमध्ये नुसता "साड्या ४२ लाख" असा एकच आकडा असेल तर सर्व्हेयर ऐकणार नाही आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही ऐकलं नसतं.

अनुजा_प

शीटमध्ये वेगळी ओळ आहे! सीएंनी तेव्हा हट्टाने करून घेतली होती, बाबा कुरकुरत होते. खूप खूप आभार. आज रात्रीच पत्र लिहिते.

भिवंडीकर

नशीबवान आहात. आमच्या गोडाऊनला आग लागली तेव्हा कॉम्प्युटरही तिथेच होता आणि बॅकअपची पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. हिशोब जीएसटी पोर्टलवरून उभा करावा लागला. आमची विक्री आमच्याच रिटर्नमधून मिळाली, खरेदी सप्लायरांनी भरलेल्यातून. ज्या सुरतवाल्याने आपलं रिटर्न उशिरा भरलं होतं त्याचा माल आमच्या खरेदीत दिसेचना. त्याच्याकडून बिलांच्या प्रती, बिल्ट्या, ई-वे बिलं मागवण्यात महिने गेले.

आणि नुसत्या वह्यांवर सर्व्हेयर विश्वास ठेवत नाही बरं का. आमच्याकडे तो टेप घेऊन आला होता. रॅकची लांबी, उंची, एका खणात किती गठ्ठे बसतात, सगळं मोजलं. वह्या सांगतात तेवढा माल त्या जागेत मावतो का, हे त्याला बघायचं होतं. राखेत काठी घालून गठ्ठे उलटे करत होता. कापडाचा घट्ट बांधलेला गठ्ठा पूर्ण जळत नाही. कडा कोळसा होतात, आत घड्या पिवळ्या पडून ओल्या चिकटलेल्या असतात. त्या घड्या मोजून एका गठ्ठ्यात किती नग होते ते त्याने लिहून घेतलं.

कोळीवाड्याची_राणी

ओल्या घड्यांचा वास! आमच्या चाळीत खालच्या कापडवाल्याकडे आग लागली होती, पुढचा पूर्ण महिना घरात शिऱ्यालासुद्धा धुराचा वास यायचा.

टवाळ_टोळी

बिलाशिवाय विकणाऱ्यांचं मग काय होतं? एका मित्रासाठी विचारतोय.

खातेवही

तुमच्या मित्राला सांगा, विक्री वहीत नाही म्हटल्यावर वहीतला स्टॉक खऱ्यापेक्षा फुगलेला दिसतो. त्याला वाटतं आता क्लेम जास्त मिळेल. मग भिवंडीकरांनी सांगितलेला टेप निघतो आणि पोटमाळ्यात जेवढा माल मावूच शकत नाही तेवढा वहीत दिसतो. तिथून पुढे प्रश्न दराचा राहत नाही, खोट्या क्लेमचा होतो.

श्वेता_सीए

अनुजा, पत्र पाठवायच्या आधी थांब. एक प्रश्न: पॉलिसी कुठली आहे? वर नाव काय लिहिलंय?

अनुजा_प

भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. का?

श्वेता_सीए

तेच वाटलं होतं. मग हे वाच आणि चहा घेऊन बस.

सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत अंडर-इन्शुरन्स १५ टक्क्यांपर्यंत असेल तर कंपनी तो सोडून देते. म्हणजे माल १०० चा आणि विमा ८५ चा, तरी क्लेमला कात्री नाही. १५ च्या वर गेला की मग प्रमाण लागतं.

सर्व्हेयरच्या आकड्याने स्टॉक ४५.६०, विमा ४०. कमतरता १२.३ टक्के. ही १५ च्या आत आहे! मग त्याने प्रमाण लावलंच कसं? त्याच्याच हिशोबाने तुम्हाला पूर्ण ३९.६० मिळायला हवेत, ३४.७४ नाही. जुन्या फायर पॉलिसीच्या सवयीने लावलं असणार.

आता खातेवहींच्या आकड्याने बघ. स्टॉक ४९.८४, विमा ४०. कमतरता १९.७ टक्के. १५ च्या वर. नुकसान ४३.८४, त्याला ४० भागिले ४९.८४ हे प्रमाण लागलं की हातात ३५.१८.

म्हणजे जीपी दरावर भांडून जिंकलीस तर ३९.६० चे ३५.१८ होतील. साडेचार लाखांना खड्डा. उंबरठा ४७.०६ चा आहे. स्टॉक त्याच्या वर गेला की गेलं.

टवाळ_टोळी

म्हणजे वकील लावून केस जिंकायची आणि घरी येऊन रडायचं.

अनुजा_प

मला दोनदा वाचावं लागलं. मग दराचा विषय काढूच नको? फक्त १५ टक्क्यांचं लिहू?

निनाद७९

अर्थातच! १९.५ त्यांनी स्वतः लिहिलंय, ऑडिटेड आहे, तुम्ही काही लपवत नाही. "आम्हाला दर मान्य, फक्त अंडर-इन्शुरन्स माफ करा" एवढंच लिहा. गप्प बसायचं.

श्वेता_सीए

मी पण तेच म्हणेन. सर्व्हेयरचा आकडा सर्व्हेयरचा. तो खोडून काढायची जबाबदारी तुझी नाही.

खातेवही

श्वेता यांचा पॉलिसीचा मुद्दा बरोबर आहे. मी जुन्या काळातला, माझ्या डोक्यात जुनं फायर पॉलिसीचं कलम बसलेलं आहे. पण "गप्प बसा" याला माझी सहमती नाही.

पहिलं कारण व्यवहाराचं. क्लेमच्या फॉर्ममध्ये बाबांनी स्टॉकचा अंदाज किती लिहिलाय? ५० लिहिला असेल आणि आता ४५.६० मान्य म्हणाल, तर कंपनीतला कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवणारच. दुसरं, सर्व्हेयरचा अहवाल कंपनीवर बंधनकारक नसतो. हेड ऑफिसला २०२४-२५ चा दर डोळ्यांत भरेल, ते खुलासा मागतील आणि खुलासा म्हणजे हाच लॉट.

शिवाय तुम्ही सही करून जो आकडा देता तो तुम्हाला खरा वाटत नसेल तर देऊ नये, हे माझं जुनाट मत.

त्याआधी मला वेगळंच विचारायचं आहे. ६८ लाखांच्या खरेदीतला सगळा माल १० तारखेला दुकानात होता का? दिवाळीच्या तोंडावर बिल आधी येतं, पार्सल मागून.

श्वेता_सीए

खातेवही, "१५ च्या वर गेलं की पूर्ण प्रमाण" की "१५ वगळून उरलेल्यावर"? माझ्या एका क्लायंटच्या वेळी यावर वाद झाला होता.

खातेवही

मी पाहिलेल्या कागदांत १५ ओलांडलं की पूर्ण प्रमाण. तुम्ही केलाय तोच हिशोब. तरी अनुजाताईंनी स्वतःच्या पॉलिसीतलं वाक्य वाचावं, माहितीपत्रक नको.

अनुजा_प

पॉलिसी वाचली. १५ टक्क्यांपर्यंत लागू करणार नाही असं स्पष्ट आहे. १५ च्या वर काय ते माझ्या वाचण्यात तरी श्वेता म्हणते तसंच दिसतंय.

फॉर्ममध्ये बाबांनी "अंदाजे ५०" लिहिलंय. म्हणजे खातेवहींचा अंदाज अचूक.

आणि खरेदीचं. बाबांना विचारलं, ते लगेच म्हणाले, "सुरतचं पार्सल तर आगीनंतर आलं!" ९ ऑक्टोबरला ३ लाख १० हजारांचं बिल टॅलीत टाकलं होतं, व्हॉट्सअॅपवर आलं तसं. माल १३ तारखेला आला, ट्रान्सपोर्टवाल्याने दुकान बंद बघून फोन केला आणि काकांकडे उतरवून घेतला. बिल्टी आहे, डिलिव्हरीच्या सहीसकट.

खातेवही

मग तो माल जळालाच नाही. तुमचा होता, पण त्या पत्त्यावर नव्हता. ४९.८४ मधून ३.१० वजा करा.

४६.७४.

श्वेता_सीए

थांबा थांबा. ४७.०६ च्या खाली!

कमतरता १४.४ टक्के. माफ. नुकसान ४६.७४ वजा ६ = ४०.७४. विमा ४० चाच आहे म्हणून ४० वर थांबेल. पॉलिसीची वजावट वेगळी.

आणि सर्व्हेयरच्या ४५.६० मधूनही हेच पार्सल वजा करावं लागेल. ते ४२.५०, नुकसान ३६.५०. म्हणजे गप्प बसून पार्सल नंतर उघडकीला आलं असतं तर ३९.६० पण गेले असते.

कोळीवाड्याची_राणी

इथे गणिताचा तास चालू आहे आणि मला चक्क कळतोय. शाळेत बाईंनी असं शिकवलं असतं तर.

भिवंडीकर

श्वेता, जीएसटीचं कोणी बोललंच नाही. जळालेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. आम्हाला भरावं लागलं होतं आणि ते क्लेममध्ये मागायचं राहून गेलं.

श्वेता_सीए

हो, नष्ट झालेल्या मालावरचं क्रेडिट कायद्याने ठेवता येत नाही, कलम १७(५). साड्यांवर ५ टक्के म्हणजे इथे साधारण २ लाख परत भरावे लागतील. ते खर्चात धरून मागता येतं, विमा रक्कम ठरवताना कर धरला असेल तर.

पण अनुजाच्या बाबतीत मागून मिळणार काय? नुकसान आधीच ४० च्या वर आहे. उलट मालाची किंमत करासकट धरली तर स्टॉक ४९ होतो आणि पुन्हा १५ ची रेघ ओलांडली. त्यामुळे सगळा हिशोब करावेगळाच ठेव, जसा वह्यांत आहे तसा. ते २ लाख खिशातून जातील हे मात्र बाबांना आताच सांगून ठेव, नंतर धक्का नको.

मनोहरपंत

आता समजलं दराचं काय ते. धन्यवाद भिवंडीकर. पण मग नफ्याची वेगळी पॉलिसी असते ती कोणाकडे आहे का? आमच्या भाच्याचं हॉटेल आहे ठाण्याला.

भिवंडीकर

पंत, वेगळा धागा काढा, तिकडे येतो.

अनुजा_प

अपडेट. पत्र दिलं. तीन मुद्दे लिहिले: लॉटमुळे दर का पडला आणि लॉट वेगळा काढून हिशोब, सुरतचं पार्सल वजा, १५ टक्क्यांचं कलम. सोबत स्टॉक शीट, सेलची बिलबुकं, बिल्टी.

सर्व्हेयर स्वतः भेटले. १५ टक्क्यांचं वाचून म्हणाले, "हे बघतो," म्हणजे बहुतेक राहिलं होतं. पार्सलचा मुद्दा आम्हीच मांडला म्हणून जरा नरमले असं बाबांना वाटलं. दराबद्दल मात्र अडून आहेत. म्हणतात, उरलेला माल तरी २५.५ ने विकला गेला याला आधार काय, आषाढ सेलमध्ये चांगल्या मालावरही सूट दिली असेल. ते खरंच आहे, थोडी दिली होती, १० टक्के, काही रेंजवर.

खातेवही

तो प्रश्न रास्त आहे. पण आषाढ सेल तुम्ही दरवर्षी लावता ना? मग मागच्या तीन वर्षांच्या दरातही ती सूट आलेलीच आहे. यंदा नेहमीपेक्षा जास्त दिली असेल तरच फरक पडेल. सेलच्या दिवसांतली विक्री आणि सूट दोन्ही वर्षांची शेजारी काढून द्या.

एक बारीकसा मुद्दाही सर्व्हेयरच्या बाजूने आहे. मागच्या वर्षांचे दर पूर्ण वर्षाचे आहेत, त्यात दिवाळी आणि लग्नसराईची विक्री आहे. तुमचे यंदाचे सहा महिने म्हणजे आषाढ, गणपती, नवरात्र. दिवाळीला मार्जिन चढं असेल तर एप्रिल ते १० ऑक्टोबरचा दर वर्षाच्या दरापेक्षा थोडा खाली असू शकतो. टॅलीत वर्षामध्ये स्टॉक नोंदलेला नसेल तर अर्ध्या वर्षाचा दर काढता येणार नाही, पण बिलांवरून काही मालाचं मार्जिन तपासता येईल.

श्वेता_सीए

आणि दर थोडा उतरला तरी अनुजाचं फारसं बिघडत नाही. २४.५ धरला तर स्टॉक ४५.९७ च्या आसपास, नुकसान ३९.९७. तीन हजारांसाठी कोण भांडणार.

निनाद७९

मग २५.५ साठी तरी भांडायचं कशाला? २४.५ द्या म्हणावं आणि सही करा.

खातेवही

निनाद, या वेळी मी तुमच्या बाजूने.

टवाळ_टोळी

धाग्याला कुलूप लावा, निनाद आणि खातेवही एकमत झाले!

अनुजा_प

😄 बाबांनाही तेच म्हणाले. सर्व्हेयर २४ वर यायला तयार आहेत असं वाटतंय, त्याने ३९.५८ होतात. बाबा म्हणतात २४.५. मंगळवारी पुन्हा बैठक आहे.

अजून एक आठवलं. फॉल-पिकोला दिलेल्या साड्या. परळच्या मावशींकडे गिऱ्हाइकांच्या आणि आमच्या मिळून ढीगभर असतात, सगळ्या सुखरूप आहेत. आमच्यातल्या स्टॉकमध्ये धरलेल्या किती ते बाबांना नक्की सांगता येत नाहीये. त्या पण वजा करायच्या ना?

खातेवही

तुमच्या असतील त्या वजा. गिऱ्हाइकाचं बिल झालेलं असेल तर ती विक्रीत आधीच गेली, तिला हात लावू नका. मावशींची वही असेल, ती बघा.

अनुजा_प

मावशींची वही म्हणजे कॅलेंडरच्या पाठीमागची पानं आहेत. उद्या जाऊन फोटो काढते.